विश्लेषण : वीज अंगावर न पडताही जीव का जातो? बारावीतील ‘विद्युत विभवा’चे गणित काय सांगते?

नॉर्वेतील एका पठारावर २०१६ मध्ये विजेच्या वादळात तीनशेहून अधिक रेनडिअर एकाच ठिकाणी मृत्युमुखी पडले. प्रत्येक प्राण्यावर स्वतंत्रपणे वीज कोसळणे शक्य नव्हते. मग इतके प्राणी एकाच वेळी कसे दगावले? या प्रश्नाचे उत्तर बारावीच्या भौतिकशास्त्रातील स्थिरविद्युतिकीच्या प्रकरणात सापडते. विद्युत विभव, समविभव पृष्ठभाग आणि प्रभार हलवताना होणारे कार्य या तीन संकल्पना समजल्या, की या घटनेचे कोडे आणि परीक्षेतील बरीचशी गणिते एकाच वाटेने सुटतात.

नॉर्वेत काय घडले होते?

हार्डांगरविड्डा हे दक्षिण नॉर्वेतील उघडे, खडकाळ पठार. तेथे रानटी रेनडिअरचे मोठे कळप चरतात. २६ ऑगस्ट २०१६ रोजी तेथे ३२३ रेनडिअर मृतावस्थेत आढळले. त्यांत ७० पिल्ले होती. बहुतेक प्राणी एकमेकांच्या अगदी जवळ पडलेले होते. त्या भागात जोरदार वादळ झाले होते आणि वादळात असे प्राणी घाबरून एकमेकांना चिकटून उभे राहतात.

वीज जमिनीवर आदळली, की तिचा प्रवाह तेथेच संपत नाही. तो जमिनीतून चहूबाजूंनी पसरतो. या पसरणाऱ्या प्रवाहामुळे जमिनीवरील प्रत्येक बिंदूचे विद्युत विभव काही क्षणांपुरते वेगवेगळे होते. प्राण्याचे पुढचे पाय एका विभवावर आणि मागचे पाय दुसऱ्या विभवावर असतील, तर या दोहोंतील फरक प्रवाहाला प्राण्याच्या शरीरातून ढकलतो. म्हणजे वीज अंगावर पडली नाही तरी पायांखालून शरीरात शिरते. आपल्याकडेही झाडाखाली आसऱ्याला थांबलेली जनावरे अशाच प्रकारे दगावतात.

विद्युत विभव म्हणजे नेमके काय?

इलेक्ट्रिक पोटेन्शियल, म्हणजेच विद्युत विभव, समजून घेण्यासाठी आधी धान्याच्या पोत्याचा विचार करू. पोते जमिनीवरून माळ्यावर चढवायचे तर गुरुत्वाकर्षणाविरुद्ध कार्य करावे लागते. पोते जड असेल तर कार्य जास्त, हलके असेल तर कमी. मात्र ‘दर किलोमागे किती कार्य’ ही संख्या पोत्यावर अवलंबून नसते. ती फक्त माळ्याच्या उंचीवर ठरते.

विद्युत विभवाचेही असेच आहे. समजा, एका जागी धन प्रभार ठेवला आहे. त्याच्याजवळ दुसरा धन प्रभार आणायचा तर प्रतिकर्षणाविरुद्ध कार्य करावे लागेल. एक कूलोम धन प्रभार अनंत अंतरावरून एखाद्या बिंदूपर्यंत, त्याला गती न देता, सावकाश आणण्यासाठी जेवढे कार्य करावे लागते, ते त्या बिंदूचे विद्युत विभव. एक कूलोमसाठी एक ज्यूल कार्य लागत असेल तर विभव एक व्होल्ट.

येथे एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी लागते. कार्य ठरते ते विभवावरून नव्हे, तर दोन बिंदूंच्या विभवांतील फरकावरून. यालाच विभवांतर म्हणतात. प्रभार q हा A बिंदूपासून B बिंदूपर्यंत नेण्यासाठी बाहेरून करावे लागणारे कार्य असे :

W = q (V_B − V_A)

उघड्या तारेवर बसलेला पक्षी सुरक्षित राहतो तो याच कारणाने. तारेचे विभव हजारो व्होल्ट असले तरी त्याचे दोन्ही पाय जवळजवळ एकाच विभवावर असतात.

पहिले गणित : प्रभार जवळ आणताना किती कार्य?

बिंदू प्रभार Q पासून r अंतरावरील विभवाचे सूत्र V = kQ/r असे आहे. यात k = 9 × 10⁹ N·m²/C². आता परीक्षेत हमखास येणारा प्रश्न घेऊ.

प्रश्न : +2 µC च्या स्थिर प्रभारापासून २० सेंटीमीटर अंतरावर असलेला +3 nC प्रभार १० सेंटीमीटर अंतरापर्यंत आणायचा आहे. किती कार्य करावे लागेल?

पहिली पायरी एककांची. 2 µC म्हणजे 2 × 10⁻⁶ C आणि 3 nC म्हणजे 3 × 10⁻⁹ C. अंतरे मीटरमध्ये 0.20 आणि 0.10. गुणाकार kQ एकदाच काढून ठेवला तर पुढचे काम सोपे होते :

kQ = 9 × 10⁹ × 2 × 10⁻⁶ = 18,000 V·m

दुसरी पायरी दोन विभवांची :

२० सेंमीवर : V_A = 18,000 / 0.20 = 90,000 V
१० सेंमीवर : V_B = 18,000 / 0.10 = 1,80,000 V

तिसरी पायरी कार्याची :

W = 3 × 10⁻⁹ × (1,80,000 − 90,000) = 2.7 × 10⁻⁴ J

उत्तर धन आले, म्हणजे बाहेरून जोर लावावा लागला. हलवायचा प्रभार −3 nC असता तर उत्तर −2.7 × 10⁻⁴ J आले असते. ऋण प्रभार धन प्रभाराकडे आपोआप ओढला जातो; सावकाश न्यायचा तर त्याला उलट धरून ठेवावे लागते. म्हणून प्रभाराचे चिन्ह सूत्रात घालायचेच असते. ‘विद्युत क्षेत्राने केलेले कार्य’ असे विचारले असेल, तर चिन्ह पुन्हा उलटते. प्रश्नातील या दोन-तीन शब्दांवर अनेकांचा गुण जातो.

‘बल गुणिले अंतर’ का चालत नाही?

काही विद्यार्थी हेच गणित बलाने सोडवू पाहतात. कूलोमच्या नियमानुसार २० सेंमीवरील बल काढायचे आणि त्याला १० सेंमी विस्थापनाने गुणायचे. तसे केले तर बल 1.35 × 10⁻³ N आणि कार्य 1.35 × 10⁻⁴ J येते. १० सेंमीवरील बल घेतले तर ते चौपट, म्हणजे 5.4 × 10⁻³ N, आणि कार्य 5.4 × 10⁻⁴ J.

दोन्ही उत्तरे चुकीची आहेत, कारण वाटेत बल सतत बदलत असते. खरे उत्तर 2.7 × 10⁻⁴ J या दोहोंच्या मध्ये आहे. विभवाचा खरा उपयोग येथेच होतो. बदलत्या बलाची बेरीज आधीच V = kQ/r या सूत्रात झालेली असते. आपल्याला फक्त सुरुवातीचा आणि शेवटचा बिंदू पाहावा लागतो.

याचाच दुसरा अर्थ असा, की वाट कोणतीही असली तरी कार्य तेवढेच. प्रभार सरळ रेषेत आणा, वळसे घालत आणा किंवा आधी दूर नेऊन मग जवळ आणा. स्थिर प्रभारांच्या क्षेत्रात उत्तर 2.7 × 10⁻⁴ J च राहते. आणि निघालेल्या बिंदूवरच परत आणला तर एकूण कार्य शून्य.

समविभव पृष्ठभाग कशाला म्हणतात?

डोंगरउतारावर खोदलेले सलग समतल चर महाराष्ट्रातील अनेक गावांत दिसतात. चर खोदण्याआधी उतारावर समान उंचीचे बिंदू शोधून त्यांतून फक्कीची रेघ आखतात. रेघ नीट आखली असेल तर पावसाचे पाणी चरात साचून राहते, एका टोकाकडे धावत नाही. कारण चराची दोन्ही टोके एकाच उंचीवर असतात.

विद्युत क्षेत्रातही समान विभवाचे बिंदू जोडता येतात. असे सर्व बिंदू मिळून जो पृष्ठभाग बनतो, तो समविभव पृष्ठभाग. एकट्या बिंदू प्रभाराभोवती अंतर समान तर विभव समान, म्हणून तेथे हे पृष्ठभाग एकात एक बसवलेल्या गोलांसारखे असतात.

अशा एकाच पृष्ठभागावर प्रभार कितीही फिरवला तरी V_B − V_A शून्य असते, म्हणून कार्यही शून्य. मघाच्या गणितात +3 nC प्रभार १० सेंमी त्रिज्येच्या वर्तुळावर अर्धी फेरी फिरवला, तर लागणारे कार्य किती? शून्य. त्या प्रभारावर 5.4 × 10⁻³ N बल सतत लागू आहे, तरीही शून्य. कारण बल त्रिज्येच्या दिशेने आहे आणि प्रभार त्रिज्येला लंब सरकतो आहे.

यातूनच एक नियम मिळतो : विद्युत क्षेत्राच्या रेषा समविभव पृष्ठभागाला नेहमी लंब असतात. त्या तिरक्या असत्या तर क्षेत्राचा काही भाग पृष्ठभागाच्या दिशेने असता आणि तेथे प्रभार सरकवताना कार्य झाले असते. म्हणजे पृष्ठभाग समविभव राहिलाच नसता. त्याचप्रमाणे दोन वेगवेगळे समविभव पृष्ठभाग एकमेकांना छेदत नाहीत. छेदले असते तर छेदनबिंदूला एकाच वेळी दोन विभव द्यावे लागले असते.

पृष्ठभागांमधील अंतर काय सांगते?

याच +2 µC प्रभाराभोवती दर ३०,००० व्होल्टला एक पृष्ठभाग काढून पाहू. kQ = 18,000 असल्याने त्रिज्या r = 18,000 / V या सूत्राने मिळते.

1,80,000 V : १० सेंमी
1,50,000 V : १२ सेंमी
1,20,000 V : १५ सेंमी
90,000 V : २० सेंमी
60,000 V : ३० सेंमी
30,000 V : ६० सेंमी

प्रत्येक टप्प्यात विभव सारखेच उतरते, पण पृष्ठभागांतील अंतरे मात्र २, ३, ५, १० आणि ३० सेंमी अशी वाढत जातात. प्रभाराजवळ पृष्ठभाग दाटीने, दूर गेल्यावर विरळ. डोंगराच्या नकाशावर जेथे समोच्च रेषा दाट तेथे चढण खडी, हे भूगोलात शिकवतात. येथे ‘चढण’ म्हणजे विद्युत क्षेत्र. दर मीटरला विभव किती व्होल्टने उतरते, तेवढी त्याची तीव्रता :

E = −ΔV / Δr

पहिल्या दोन पृष्ठभागांमध्ये २ सेंमीत ३०,००० व्होल्टचा उतार आहे, म्हणजे सरासरी क्षेत्र 15 लाख V/m. शेवटच्या दोन पृष्ठभागांमध्ये तोच उतार ३० सेंमीत पसरला आहे, म्हणजे सरासरी फक्त 1 लाख V/m. सूत्रातील उणे चिन्ह एवढेच सांगते, की क्षेत्र चढत्या विभवाकडून उतरत्या विभवाकडे असते.

मग जमिनीत पसरणाऱ्या विजेचे काय?

येथे स्थिर प्रभार नाही, वाहता प्रवाह आहे. तरीही गणित आश्चर्यकारकरीत्या सारखे निघते. वीज एका बिंदूवर जमिनीत शिरली आणि माती सगळीकडे सारखी आहे असे मानू. प्रवाह I खाली आणि बाजूंना अर्धगोलाच्या आकारात पसरेल. r त्रिज्येच्या अर्धगोलाचे क्षेत्रफळ 2πr² असते, म्हणून एक चौरस मीटरमधून जाणारा प्रवाह I / 2πr². मातीची रोधकता ρ असेल तर तेथील विद्युत क्षेत्र ρI / 2πr² होते.

बिंदू प्रभाराचे क्षेत्रही अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात, म्हणजे 1/r² ने, घटते. म्हणून येथेही विभव 1/r नेच घटते :

V = ρI / 2πr

म्हणजे वीज पडलेल्या जागेभोवती समविभव पृष्ठभाग अर्धगोल असतात. जमिनीच्या वर उभे राहून पाहिले तर ती एकात एक वर्तुळे, तळ्यात खडा टाकल्यावर उठतात तशी. फरक एवढाच, की पाण्यातील वर्तुळे पुढे सरकतात. विभवाची वर्तुळे जागेवरच असतात आणि प्रवाह संपताच नाहीशी होतात.

दुसरे गणित : चार पायांमध्ये किती व्होल्ट?

प्रश्न : वीज पडल्यावर जमिनीत 30,000 A प्रवाह शिरतो. मातीची रोधकता 100 Ω·m आहे. वीज पडलेल्या जागेपासून २० मीटरवर एक जनावर त्या जागेकडे तोंड करून उभे आहे. पुढच्या आणि मागच्या पायांत दीड मीटर अंतर आहे. या पायांमधील विभवांतर किती?

आधी ρI / 2π काढून घेऊ :

100 × 30,000 / 6.28 ≈ 4.8 × 10⁵ V·m

पुढचे पाय २० मीटरवर, मागचे २१.५ मीटरवर :

V₁ = 4,80,000 / 20 = 24,000 V
V₂ = 4,80,000 / 21.5 ≈ 22,330 V
विभवांतर ≈ 1,670 V

याचा कार्याच्या भाषेतील अर्थ असा, की जनावराच्या शरीरातून एका पायाकडून दुसऱ्या पायाकडे जाणाऱ्या प्रत्येक कूलोम प्रभारामागे क्षेत्र सुमारे १,६७० ज्यूल कार्य करते. ते शरीरातच खर्ची पडते. चार पायांच्या प्राण्यात पुढच्या आणि मागच्या पायांमधली वाट छातीतून जाते, त्यामुळे हृदय थेट प्रवाहाच्या मार्गात येते.

तेच जनावर वीज पडलेल्या जागेला कूस करून, म्हणजे वर्तुळाच्या रेषेत आडवे उभे असेल तर? पुढचे आणि मागचे पाय जवळजवळ समान अंतरावर, म्हणजे एकाच समविभव रेषेवर येतात. मग त्यांच्यातील विभवांतर, आणि म्हणून कार्यही, जवळपास शून्य. जागा तीच, विभव तेच २४,००० व्होल्ट. फक्त उभे राहण्याची दिशा बदलली.

आता त्याच जागी माणूस उभा आहे असे समजू. वीज पडलेल्या जागेच्या दिशेने पावले टाकताना दोन पायांत अर्धा मीटर अंतर असेल, तर एक पाय २० आणि दुसरा २०.५ मीटरवर येतो. विभवांतर सुमारे ५८५ व्होल्ट. पाय जवळ घेऊन अंतर १० सेंटीमीटरवर आणले तर ते सुमारे १२० व्होल्टपर्यंत उतरते. याला ‘स्टेप व्होल्टेज’, म्हणजे दोन पावलांमधील विभवांतर म्हणतात. माणसात दोन पायांमधली वाट मुख्यतः पायांतून आणि ओटीपोटातून जाते. जनावराच्या तुलनेत माणसाला धोका कमी असण्याची ही दोन कारणे : पावलांमधील कमी अंतर आणि हृदयापासून दूर असलेली वाट.

मग इतका मोठा कळप एकाच वेळी कसा सापडला?

या सूत्रातील ρ कडे पाहिले तर उत्तर मिळते. खडकाळ जमीन विजेची वाईट वाहक असते, म्हणजे तिची रोधकता जास्त. समजा, ती 100 ऐवजी 1,000 Ω·m आहे. मग ρI / 2π दहापट, म्हणजे 4.8 × 10⁶ V·m होते. मातीत २० मीटरवर जे १,६७० व्होल्टचे विभवांतर पायांमध्ये येत होते, तेवढेच आता किती अंतरावर येईल?

६५ मीटरवर पुढचे आणि ६६.५ मीटरवर मागचे पाय ठेवून पाहू :

4.8 × 10⁶ / 65 ≈ 73,850 V
4.8 × 10⁶ / 66.5 ≈ 72,180 V
विभवांतर ≈ 1,670 V

धोक्याच्या वर्तुळाची त्रिज्या २० मीटरवरून ६५ मीटर झाली, म्हणजे सव्वातीनपट. क्षेत्रफळ मात्र त्रिज्येच्या वर्गाने वाढते, म्हणून ते दहापटींहून अधिक झाले. खडकाळ पठारावर एकमेकांना चिकटून उभा असलेला शेकडो प्राण्यांचा कळप अशा वर्तुळात सहज मावतो. ही आकडेमोड हार्डांगरविड्डाच्या जमिनीवर मोजलेली नाही, समजुतीसाठी मानलेली आहे. पण कोणत्याही प्राण्याच्या डोक्यावर थेट वीज न पडता कळप कसा दगावू शकतो, याची दिशा ती दाखवते.

विभव शून्य, म्हणजे क्षेत्रही शून्य?

परीक्षेतील हा नेहमीचा सापळा आहे. +5 nC आणि −5 nC हे प्रभार एकमेकांपासून १० सेंमीवर ठेवले आहेत. मध्यबिंदू दोहोंपासून ५ सेंमीवर. विभवाला दिशा नसते, त्यामुळे दोन्ही विभवांची चिन्हांसह साधी बेरीज होते : +900 V आणि −900 V मिळून शून्य.

क्षेत्राला मात्र दिशा असते. धन प्रभाराचे क्षेत्र त्याच्यापासून दूर आणि ऋण प्रभाराचे त्याच्याकडे, म्हणजे मध्यबिंदूवर दोन्ही एकाच दिशेने. प्रत्येकी 18,000 N/C, एकूण 36,000 N/C. विभव शून्य, पण क्षेत्र बऱ्यापैकी तीव्र. दोन प्रभारांच्या बरोबर मधून जाणारे लंब प्रतल हा पूर्णच्या पूर्ण शून्य व्होल्टचा समविभव पृष्ठभाग असतो. त्यावर प्रभार कोठेही फिरवला तरी कार्य शून्य; त्यावरून उतरवून एका प्रभाराकडे नेला, की कार्य सुरू.

याच्या उलट उदाहरण पोकळ धातूच्या गोलाचे. प्रभारित गोलाच्या आत क्षेत्र शून्य असते, पण विभव शून्य नसते. ते गोलाच्या पृष्ठभागाइतकेच, सगळीकडे एकसारखे असते. क्षेत्र विभवाच्या किमतीवर नव्हे, तर ती किंमत किती वेगाने बदलते यावर ठरते. सपाट पठार कितीही उंचावर असले तरी त्यावर ठेवलेला चेंडू घरंगळत नाही, तसेच हे.

गणिताच्या मर्यादा कोणत्या?

V = ρI / 2πr हे सूत्र एकसारख्या मातीसाठी आहे. प्रत्यक्षात वरची माती ओली आणि खालचा खडक कोरडा असतो. मग प्रवाह अर्धगोलात न पसरता ओल्या थरातून आडवा धावतो. झाडांची मुळे, कुंपणाच्या तारा आणि जमिनीतील नळ वर्तुळांचा आकार बिघडवतात. वीज शिरते त्या बिंदूच्या अगदी जवळ क्षेत्र इतके तीव्र होते, की मातीचेच विद्युत भंजन होऊन ठिणग्या उडतात. तेथे हे सूत्र लागू पडत नाही. शिवाय विजेचा प्रवाह सेकंदाच्या अत्यंत लहान भागात चढतो आणि उतरतो. ३०,००० अँपिअर ही किंमत शिखराच्या क्षणाची असते.

तरीही वादळात सापडलेल्यांना दिल्या जाणाऱ्या सूचनांमागे हेच गणित आहे. पक्के घर किंवा बंद, धातूच्या टपाची मोटार हा पहिला पर्याय. मोटारीचा धातूचा सांगाडा जवळजवळ एकाच विभवावर राहतो आणि प्रवाह बाहेरच्या बाजूने जमिनीत जातो. उघड्यावर अडकल्यास झाडापासून दूर जाऊन, दोन्ही पाय जुळवून उकिडवे बसणे हा शेवटचा पर्याय. त्याने धोका कमी होतो, संपत नाही. जमिनीवर आडवे पडू नये, कारण मग डोके आणि पाय यांत दीड मीटरहून अधिक अंतर पडते आणि माणूस वरच्या गणितातील जनावराच्या जागी जातो. झाडाला बांधलेली जनावरे वादळ येण्याआधीच सोडून गोठ्यात आणावीत. झाडावर वीज पडली तर वर्तुळाचे केंद्र तेच झाड असते आणि दावणीची लांबी जेमतेम दोन-तीन मीटर. तेवढ्या अंतरावर विभवाची वर्तुळे सर्वांत दाट असतात.